जांभळ्या कोबीचं पाणी रंग का बदलतं?

सातवीतल्या ईराला शाळेतून प्रयोग दिला होता: जांभळ्या कोबीचा अर्क काढून तो स्वयंपाकघरातल्या पदार्थांत मिसळायचा आणि रंग का बदलतो ते शोधायचं. आपणही तिच्याबरोबर करून पाहू.

तिने पाव कोबी बारीक चिरला, दोन कप उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाकून ठेवला आणि गाळून घेतला.

मग काचेच्या चार पेल्यांत थोडं थोडं पाणी घेतलं. एकात लिंबाचा रस, दुसऱ्यात मीठ, तिसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा. चौथ्यात नुसतं पाणी, म्हणजे तुलना करता येईल. प्रत्येकात दोन चमचे अर्क घातला.

लिंबाचा पेला गुलाबी झाला, सोड्याचा निळा. पण मीठ आणि नुसतं पाणी, दोन्हीही निळसर! "आई, यात तर काहीच घातलं नाही," ईरा म्हणाली.

बहुतेकांचं इथेच चुकतं. ईराच्या घरी बोअरचं पाणी येतं. अशा जड पाण्यात विरघळलेले क्षार पुष्कळदा सोड्यासारखेच वागतात. पेल्याला साबण राहिला तरी असंच होतं. तिने पेले नीट विसळले आणि पाणी व अर्क दोन्हींसाठी फिल्टरचं पाणी वापरलं. आता मीठ आणि नुसतं पाणी जांभळंच राहिलं.

आता कारण. कोबीत अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य, म्हणजे नैसर्गिक रंग असतो. आंबट पदार्थात, म्हणजे आम्लात, हायड्रोजनचे भारित कण (आयन) जास्त असतात. ते या रंगद्रव्याला चिकटले की त्याच्या रेणूची रचना बदलते. सोड्यासारख्या आम्लारीत उलट घडतं, रेणूतले हायड्रोजन निघून जातात. रचना बदलली की रेणू वेगळ्या रंगाचा प्रकाश शोषतो, म्हणून आपल्याला रंग वेगळा दिसतो.

पण हे खरं असेल, तर रंग मागेही फिरायला हवा. ईराने गुलाबी पेल्यात सोडा चिमूट चिमूट टाकला. फस्सकन फेस वर आला. फेसातला कार्बन डायऑक्साइड निघून गेल्यावर पाणी आधी जांभळं, मग निळं झालं. लिंबू पिळताच पुन्हा गुलाबी! म्हणजे रंग नष्ट झाला नव्हता, फक्त रूप बदलत होता. फेस येतो म्हणून पेला अर्धाच भरावा आणि बेकिंग पावडर घेऊ नये; तिच्यात आम्ल आणि सोडा दोन्ही असल्याने निष्कर्ष गोंधळतो.

धुण्याचा सोडा जास्त तीव्र असतो, त्याने अर्क हिरवा होतो. तो मोठ्यांनीच हाताळावा. असा हिरवा झालेला अर्क रात्रभर ठेवला तर रंग पिवळट पडतो, कारण रेणू हळूहळू तुटत जातात. मग कितीही लिंबू पिळलं तरी मूळचा गुलाबी रंग पुरता परतत नाही.