ह्यूमचा एक उतारा आणि त्यातली अकरा विधाने

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ साली मानवी आकलनाविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या चौथ्या प्रकरणाचा दुसरा भाग जेमतेम काही पानांचा आहे. आजवर ज्या पावाने पोट भरले, तशाच दिसणाऱ्या पावाने उद्याही भरेल, हे माणूस कशाच्या आधारावर मानतो, असा त्यातला प्रश्न आहे. भाषा सरळ आणि उदाहरणे घरगुती असल्यामुळे वाचताना सगळे कळल्यासारखे वाटते. पुस्तक मिटून युक्तिवाद सांगायला बसले की मात्र दोन-तीन वाक्यांपुढे गाडी सरकत नाही. अशा उताऱ्यावर दोन टप्प्यांनी काम करतात. आधी समासात टिपणे करायची आणि मग युक्तिवाद क्रमांकित विधानांत पुन्हा उभा करायचा.

पहिल्या वाचनात फक्त परिच्छेदांना क्रमांक द्यावेत आणि लेखकाला शेवटी काय म्हणायचे आहे ते शोधावे. ते शेवटीच लिहिलेले असते असे नाही. या भागात ह्यूम आपला निष्कर्ष सुरुवातीलाच सांगून टाकतो: अनुभवातून आपण जी अनुमाने काढतो, ती तर्कावर उभी नसतात. त्या वाक्यापुढे समासात ‘नि’ लिहावे. दुसऱ्या वाचनात प्रत्येक परिच्छेद कोणते काम करतो, ते एका शब्दात नोंदवावे: आधार, उदाहरण, आक्षेप, उत्तर. नोंद कामाची हवी, विषयाची नको. ‘पावाविषयी’ असे टिपण पुढे उपयोगी पडत नाही. ‘दोन विधानांमधली दरी दाखवणारे उदाहरण’ हे पडते.

शब्दांवरची टिपणे याच वेळी करावी लागतात. ह्यूम युक्तिवादांचे दोन प्रकार करतो आणि त्यातल्या एकाला ‘मॉरल’ म्हणतो. इथे ‘नैतिक’ असा अर्थ घेतला की पुढचे सगळे बिघडते, कारण अठराव्या शतकाच्या त्या वापरात हा शब्द वस्तुस्थितीविषयीच्या, संभाव्य स्वरूपाच्या विचाराला लावलेला आहे. निसर्गक्रम बदलण्याची कल्पना करता येते, हे दाखवताना तो डिसेंबर-जानेवारीत बहरणारी झाडे पुढे करतो. ज्याच्या अंगणातल्या आंब्याला त्याच दिवसांत मोहोर येतो, त्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. स्कॉटलंडच्या हिवाळ्यात पुष्कळ झाडे निष्पर्ण असतात, एवढे टिपण केले की उदाहरण उलगडते.

उताऱ्याचा कणा दोन विधानांत आहे. अशा वस्तूचा असा परिणाम आजवर होत आला, हे पहिले. तशाच दिसणाऱ्या इतर वस्तूंचाही तसाच परिणाम होईल, हे दुसरे. पहिल्यातून दुसरे काढले जाते, हे ह्यूमला मान्य आहे. ते तर्काच्या साखळीने काढले जाते असे कोणी म्हणत असेल, तर मधली कडी दाखवावी, एवढी त्याची मागणी आहे. मग तो शक्य त्या सगळ्या कड्या तपासतो. टिपणे समोर ठेवून युक्तिवाद असा मांडता येतो:

१. अनुभवलेल्यावरून न अनुभवलेल्याकडे जाणारे प्रत्येक अनुमान ‘भविष्य भूतकाळासारखेच असेल’ हे गृहीतक वापरते.
२. हे गृहीतक युक्तिवादाने सिद्ध होत असेल, तर तो युक्तिवाद एकतर गणितासारखा, केवळ कल्पनांच्या परस्परसंबंधांवर आधारलेला असेल, किंवा वस्तुस्थितीविषयीचा असेल.
३. ज्याच्या विरुद्ध गोष्टीची विसंगतीशिवाय कल्पना करता येते, ते पहिल्या प्रकाराने सिद्ध होत नाही.
४. निसर्गक्रम बदलल्याची विसंगतीशिवाय कल्पना करता येते.
५. म्हणून गृहीतक पहिल्या प्रकाराने सिद्ध होत नाही. (३, ४ वरून)
६. वस्तुस्थितीविषयीचा असा प्रत्येक युक्तिवाद हेच गृहीतक वापरतो.
७. [स्वतःचा निष्कर्ष आधीच गृहीत धरणारा युक्तिवाद तो निष्कर्ष सिद्ध करत नाही.]
८. म्हणून गृहीतक दुसऱ्या प्रकारानेही सिद्ध होत नाही. (६, ७ वरून)
९. म्हणून ते कोणत्याच युक्तिवादाने सिद्ध होत नाही. (२, ५, ८ वरून)
१०. [जे अनुमान युक्तिवादाने सिद्ध न होणाऱ्या गृहीतकावर टेकलेले असते, ते तर्कावर उभे नसते.]
११. म्हणून अनुभवातून काढलेली अनुमाने तर्कावर उभी नसतात. (१, ९, १० वरून)

चौकटी कंसातली विधाने उताऱ्यात उघडपणे लिहिलेली नाहीत. ती घातली नाहीत तर साखळी तुटते. कुठे काय घालायचे ते असे ठरते: प्रत्येक ‘म्हणून’पाशी थांबून वरची विधाने खरी आणि निष्कर्ष खोटा असे एकाच वेळी मानून पाहायचे. तसे मानता आले, तर मधे काहीतरी सुटले आहे. नवव्यावरून थेट अकराव्यावर उडी मारली की हीच दरी दिसते आणि दहावे विधान शोधावे लागते. घातलेले विधान मात्र लेखकाने स्वतः मान्य केले असते असेच हवे. खोडून काढायला सोपे जाईल असे एखादे विधान त्याच्या तोंडी घातले, तर तो युक्तिवाद त्याचा राहत नाही.

सहाव्या विधानाची एक ओळ ह्यूमच्या तीन पायऱ्या पोटात घेते: अस्तित्वाविषयीचे युक्तिवाद कार्यकारणसंबंधावर आधारलेले असतात, तो संबंध केवळ अनुभवातून कळतो, आणि अनुभवातून काढलेले निष्कर्ष त्या गृहीतकावर चालतात. या पायऱ्या पहिल्या मांडणीत स्वतंत्र लिहाव्यात आणि नंतरच आवळाव्यात, नाहीतर चक्राचा आरोप हवेत राहतो.

सर्वांत मोठी चूक निष्कर्षातच होते. ‘म्हणून अनुभवावर विश्वास ठेवू नये’ असे पुष्कळजण लिहितात. याच भागात पुढे ह्यूम म्हणतो की व्यवहारात त्याला स्वतःला काहीच शंका नाही, आपल्याला आधार काय तेवढा जाणून घ्यायचा आहे. तो परिच्छेद ‘आक्षेप आणि उत्तर’ असा टिपलेला असेल, तर ही चूक होत नाही. भागाच्या अखेरीला मेणबत्तीच्या ज्योतीने हात पोळलेले मूल येते. ते उदाहरण वरच्या साखळीत बसत नाही, आणि बसवूही नये. एवढा गहन युक्तिवाद तान्ह्या मुलाला सुचणे शक्य नाही, तरी ते अनुभवातून शिकते, असा तो त्याच निष्कर्षाकडे जाणारा दुसरा, स्वतंत्र मार्ग आहे. त्याची यादी वेगळी करावी.

मांडणी पूर्ण झाल्यावर मतभेद नेमका कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येते. दुसऱ्या विधानावर आक्षेप घेणारा विचारतो की युक्तिवादांचे प्रकार दोनच कशावरून. अकराव्याबद्दल अभ्यासकांमध्येच वाद आहे. ही अनुमाने समर्थनीय नाहीत असे ह्यूम सांगतो, असे पुष्कळांचे वाचन आहे. डॉन गॅरेट यांनी १९९७ च्या आपल्या पुस्तकात वेगळे वाचन मांडले: ही अनुमाने मनात कशामुळे निर्माण होतात याविषयी ह्यूम बोलतो आहे, त्यांच्या योग्यायोग्यतेविषयी नाही. दहाव्या विधानातला ‘उभे नसते’ हा शब्दप्रयोग दोन्ही अर्थ घेऊ देतो, म्हणून कोणता अर्थ धरला आहे ते यादीखाली लिहून ठेवावे. गॅरेट यांच्या बाजूने एक गोष्ट ग्रंथातच आहे. तर्क नाही तर मग काय, याचे उत्तर ह्यूम लगेच पाचव्या प्रकरणात देतो, आणि ते उत्तर मनाच्या घडणीविषयीचे आहे: माणूस हे सवयीने करतो.