हाताच्या छायाचित्रात नखे कशी वाचावीत

रुग्णाच्या हाताचे छायाचित्र वैद्यकीय नोंदीत जाते, तेव्हा त्यासोबत दोन-चार ओळींचे वर्णन लिहावे लागते. पुढे छायाचित्र पाहणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरने कुठे पाहायचे हे त्या ओळींवरून ठरते. म्हणून वर्णनात आधी जे दिसते ते लिहायचे आणि रोगाचे नाव त्यानंतर, असा क्रम असतो. नाव आधी सुचले की डोळा त्या नावाला जुळणाऱ्या खुणाच शोधू लागतो. क्लबिंग, कोइलोनिकिया आणि स्प्लिंटर हॅमरेज ही तीन लक्षणे वारंवार भेटतात आणि तितक्याच वारंवार चुकीची नोंदली जातात. त्यांतले क्लबिंग ओळखण्यासाठी छायाचित्र सर्वात उपयोगी पडते, आणि छायाचित्र फसवतेही सर्वात जास्त क्लबिंगच्याच बाबतीत.

क्लबिंगमध्ये नखाच्या मुळाखालचा मऊ भाग जाड होतो. नख वर उचलले जाते, अधिक बाकदार होते आणि बोटाचे टोक फुगीर दिसू लागते. हे बदल बहुधा एका क्रमाने होतात. प्रथम नखाचे मूळ दाबल्यावर स्पंजासारखे लागते, मग नख आणि कातडी यांच्यातला कोन नाहीसा होतो, त्यानंतर नखाचा बाक वाढतो आणि शेवटी टोक फुगते. फुगलेले टोक कुणाच्याही नजरेत भरते, पण ती उशिराची अवस्था असते. लवकरची खूण कोनात असते, आणि हा कोन हात वरून पाहून कळत नाही, बोट बाजूनेच पाहावे लागते. त्यामुळे तळहात खाली ठेवून वरून काढलेल्या एकाच छायाचित्रावरून ‘क्लबिंग नाही’ असे लिहिणे चूक ठरते.

बाजूच्या छायाचित्रात दोन रेषा कल्पाव्या लागतात. नखाच्या मुळावरची कातडी उतरत येते ती एक, आणि नख पुढे जाते ती दुसरी. या दोन रेषांमधला कोन निरोगी बोटात साधारण १६० अंश असतो, म्हणजे नखाच्या मुळाशी किंचित खळगा दिसतो. कोन १८० अंशांपर्यंत आला की कातडी व नख एका सरळ रेषेत येतात, आणि १८०च्या पुढे गेला की नखाचे मूळ उंचवटा होऊन वर येते. हा निकष लव्हिबॉन्ड यांनी १९३८मध्ये मांडला. काही माणसांची नखे जन्मतःच बाकदार असतात. वरवर पाहता ती क्लबिंगसारखी भासतात, पण मुळाशी असलेला खळगा शाबूत असतो. असा बाक दिसला तर ‘नख बाकदार, मुळाशी कोन टिकून आहे’ एवढेच लिहिणे योग्य.

दुसरे माप याहून भरवशाचे आहे, कारण त्यासाठी कोनमापक लागत नाही. बाजूच्या छायाचित्रात बोटाची जाडी दोन ठिकाणी मोजायची, एकदा नखाच्या मुळाशी, क्युटिकलच्या रेषेवर, आणि एकदा टोकाच्या सांध्यावर. निरोगी बोट टोकाकडे निमुळते होत जाते, म्हणून मुळाशी मोजलेली जाडी सांध्यापेक्षा कमी भरते आणि त्यांचे गुणोत्तर ०.९च्या आसपास येते. ते १च्या वर गेले की क्लबिंग आहे असे धरतात. गुणोत्तर असल्यामुळे छायाचित्र किती मोठे केले याने फरक पडत नाही. पडद्यावरच्या पिक्सेलमध्ये मोजले तरी चालते.

तिसरी तपासणी रुग्ण स्वतःही करू शकतो. दोन्ही तर्जन्यांची नखे एकमेकांना पाठीला पाठ लावून उजेडासमोर धरली की नखांच्या मुळाशी शंकरपाळ्याच्या आकाराची एक छोटी खिडकी दिसते. क्लबिंगमध्ये ती बुजते. दक्षिण आफ्रिकेतले हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांना हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग झाला होता. त्या काळात त्यांनी ही खिडकी बुजताना स्वतःच्या बोटांवर पाहिली आणि १९७६मध्ये ते निरीक्षण प्रसिद्ध केले. ही तपासणी छायाचित्रात घ्यायची तर मागची बाजू उजळ हवी आणि कॅमेरा नखांच्या पातळीत हवा. तो थोडा वर-खाली झाला तरी उघडी खिडकी बुजलेली दिसते.

मोबाइलने या सगळ्यात एक नवी अडचण आणली आहे. बारकावे यावेत म्हणून फोन बोटाच्या अगदी जवळ नेला जातो, आणि जवळून पाहणारे रुंद भिंग समोरची वस्तू मागच्यापेक्षा मोठी करते. टोक कॅमेऱ्याकडे असेल तर निरोगी बोटही फुगीर दिसते. फोन हातभर लांब धरून झूम करावे, बोट कॅमेऱ्याला समांतर आडवे ठेवावे. बोट टेबलावर दाबून धरले तर टोकाचा सांधा मागे वाकतो, कोन बदलतो आणि नखाखालचे रक्त ओसरून नख पांढरट पडते. म्हणून हात सैल हवा. पुढच्या कॅमेऱ्याने काढलेली छायाचित्रे पुष्कळदा आरशासारखी उलटतात, म्हणून ‘उजवा’ किंवा ‘डावा’ लिहिलेली चिठ्ठी चौकटीत ठेवलेली बरी. ही चिठ्ठी बारीकसारीक बाब वाटेल, पण क्लबिंग एकाच हाताला असेल तर त्याचा अर्थ वेगळा होतो. त्या हाताच्या रक्तवाहिनीत दोष असू शकतो, किंवा डायलिसिससाठी तिथे शीर व धमनी जोडलेली असू शकते. बोटे निरोगी आणि फक्त पायाची बोटे फुगीर, असे काही जन्मजात हृदयदोषांत आढळते. त्यामुळे दोन्ही हात आणि शक्यतो दोन्ही पायही छायाचित्रात यायला हवेत.

कोइलोनिकियात नख मधून खोलगट होते आणि कडा वर येतात, इतक्या की नखावर ठेवलेला पाण्याचा थेंब ओघळत नाही. त्याआधीची पायरी म्हणजे नख सपाट होणे. शरीरातली लोहाची कमतरता हे त्याचे ओळखीचे कारण असले तरी लोह कमी असलेल्या बहुतेकांची नखे अशी होत नाहीत, त्यामुळे नखे चांगली आहेत म्हणून लोह पुरेसे आहे असे समजता येत नाही. उलट, लहान बाळांच्या पायाची नखे खोलगट असणे स्वाभाविक आहे, आणि सतत पाण्यात व साबणात काम करणाऱ्यांच्या हातांनाही हे होते. छायाचित्रात अडचण उजेडाची असते. समोरून फ्लॅश पडला की खोलगटपणा पुसला जातो. उजेड एका बाजूने तिरका हवा, पण तो कुठून आला हे पाहणाऱ्याला माहीत नसेल तर डोळा फसतो आणि खळगा उंचवट्यासारखा दिसतो. यावर उपाय साधा आहे, बोटाचे टोक कॅमेऱ्याकडे करून नखाची कड समोरून टिपायची. बोटाची जाडी या कोनातून मोजायची नसली, तरी त्या कडेची रेषा वर वळते की खाली, यात शंका उरत नाही.

स्प्लिंटर हॅमरेज म्हणजे नखाखाली दिसणाऱ्या कुसळासारख्या बारीक उभ्या रेघा, बहुधा १ ते ३ मिलिमीटर लांब. नखाखालच्या केशवाहिन्या उभ्या ओळींत असतात, म्हणून त्यातून झिरपलेले रक्तही उभ्या रेघेतच साठते. ताजी रेघ लालसर असते, नंतर ती तपकिरी-काळी पडते. हे रक्त नखाच्या खालच्या बाजूला चिकटते आणि नख वाढेल तसे पुढे सरकते. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते.

या रेघा हृदयाच्या झडपांच्या संसर्गात दिसतात, ही गोष्ट वैद्यकाचा प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो, पण त्यांचे सर्वात नेहमीचे कारण मार लागणे हे आहे. टोकाजवळ, एक-दोन बोटांत, कामाच्या हाताला दिसणाऱ्या रेघा बहुतेक वेळा ठेच किंवा घर्षणाच्या असतात. नखाच्या मुळाकडच्या भागात, अनेक बोटांत, एकाच वेळी उमटलेल्या रेघा अधिक काळजीच्या. म्हणून वर्णनात बोट, संख्या, रंग आणि मुक्त कडेपासूनचे अंतर या चारही गोष्टी याव्यात. एक मर्यादा मात्र आहे. मुळाशी उमटलेली रेघ काही आठवड्यांनी पुढे सरकलेली असते, त्यामुळे टोकाजवळची जुनी, काळी रेघ नेमकी कुठे जन्मली हे एका छायाचित्रावरून सांगता येत नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा छायाचित्र घेतले तर रेघ सुमारे दीड मिलिमीटर पुढे गेलेली दिसते आणि नव्या रेघा आल्या का तेही कळते.

सावळ्या वर्णाच्या लोकांत आणखी एक घोटाळा होतो. अनेकांच्या नखांवर तपकिरी उभे पट्टे असतात. ते रंगद्रव्याचे असतात, रक्ताचे नव्हेत. पट्टा मुळापासून कडेपर्यंत सलग जातो, स्प्लिंटर तुटक आणि आखूड असते. मेंदीने नखे केशरी झाली असतील किंवा नेलपॉलिश असेल तर नखाच्या रंगाबद्दल काहीही लिहू नये, आकाराबद्दल मात्र लिहिता येते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पन्नाशीतल्या, तीन महिने खोकला असलेल्या एका शेतकऱ्याची तीन छायाचित्रे आली आहेत. एक दोन्ही हात वरून, एक उजव्या तर्जनीचे बाजूने आणि एक उजव्या अंगठ्याचे जवळून. कुणीतरी खाली लिहिले आहे, ‘क्लबिंग व स्प्लिंटर, झडपांचा संसर्ग?’ हे वर्णन नाही, अंदाज आहे. नीट पाहिल्यावर असे लिहिता येते: ‘दोन्ही हातांच्या सर्व बोटांची टोके सारखीच फुगीर. उजव्या तर्जनीच्या बाजूच्या दृश्यात नखाच्या मुळाशी खळगा नाही, कोन १८० अंशांपेक्षा अधिक. मुळाशी जाडी ४१२ पिक्सेल, सांध्यावर ३८१, गुणोत्तर १.०८. नखे खोलगट नाहीत. उजवा अंगठा व तर्जनी यांत प्रत्येकी एक काळपट उभी रेघ, सुमारे २ मिलिमीटर, मुक्त कडेलगत. इतर बोटांत रेघा नाहीत. पायांचे छायाचित्र नाही. नखाचे मूळ दाबून पाहिल्याची नोंद नाही.’

हे वाचणाऱ्याला क्लबिंग पक्के वाटते, रेघा बहुधा खुरप्या-फावड्याच्या कामाच्या वाटतात, आणि लक्ष हृदयाकडून फुप्फुसांकडे वळते. दोन्ही हातांच्या क्लबिंगमागे फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुसात साचलेला पू, श्वासनलिका कायमच्या रुंदावणारा ब्राँकिएक्टेसिस किंवा फुप्फुस आकसवणारा फायब्रोसिस असू शकतो. यकृताचे व आतड्याचे काही दीर्घ आजारही असतात, आणि काही घराण्यांत ते कसलाही आजार नसताना येते. धूम्रपानाने होणारा साधा सीओपीडी मात्र क्लबिंग करत नाही. सीओपीडीच्या रुग्णात ते नव्याने दिसले तर दुसरे कारण शोधावे लागते.

छायाचित्रातून स्पर्श कळत नाही, त्यामुळे क्लबिंगची पहिली अवस्था त्यात निसटू शकते. बोटे पूर्वीपासून अशीच आहेत की अलीकडे बदलली, हेही रुग्णाला विचारूनच कळते. बदल अलीकडचा असेल तर छातीचा एक्स-रे काढावा. आणि ताप असलेल्या माणसाच्या अनेक नखांत मुळाकडे ताज्या लाल रेघा दिसल्या, तर प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी रक्ताच्या कल्चरचे नमुने घ्यावेत, कारण औषध सुरू झाल्यावर जंतू कल्चरमध्ये सापडण्याची शक्यता कमी होते.