पाच दिवसांची दिवाळी : कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कशासाठी

(सामुदायिक रेडिओवरच्या आमच्या छोट्या भाषणमालेतून)

भाग पहिला : दिवस पाच, तारखा चार

दिवाळी जवळ आली की गटाच्या बैठकीत दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. "ताई, दिवाळी पाच दिवसांची म्हणता, मग कॅलेंडरात नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच तारखेला कसं?" कधी उलटही होतं, मधेच एक दिवस रिकामा जातो आणि पाहुण्यांच्या जेवणाचा हिशोब चुकतो. म्हणून मालेची सुरुवात याच प्रश्नापासून करू.

आपली तारीख रात्री बारा वाजता बदलते. तिथी तशी बदलत नाही. ती चंद्राच्या चालीवर असते. कधी ती एकोणीस-वीस तासांत संपते, कधी पंचवीस-सव्वीस तासही चालते, आणि सकाळी, दुपारी, मध्यरात्री, केव्हाही सुरू होऊ शकते. दिवाळीच्या प्रत्येक दिवसाचा विधी मात्र दिवसातल्या ठरावीक वेळेला बांधलेला आहे. धनत्रयोदशीचा दिवा संध्याकाळचा, अभ्यंगस्नान पहाटेचं, लक्ष्मीपूजन सूर्यास्तानंतरचं, पाडवा सकाळचा आणि भाऊबीज दुपारची. त्या त्या वेळी ती तिथी ज्या तारखेला असेल, तो आपला सण.

२०२२ सालचं उदाहरण घ्या. २४ ऑक्टोबरला पहाटे चतुर्दशी होती, म्हणून अभ्यंगस्नान त्या दिवशी. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास अमावास्या लागली, म्हणून लक्ष्मीपूजनही त्याच दिवशी. अमावास्या दुसऱ्या दिवशी दुपारी चारनंतर संपली. म्हणजे २५ तारखेच्या संध्याकाळी ती नव्हतीच आणि सकाळी पाडवाही लागला नव्हता. तो दिवस रिकामा गेला. त्या संध्याकाळी सूर्यग्रहणही होतं, आठवत असेल. मग २६ तारखेला सकाळी प्रतिपदा आणि दुपारी पावणेतीनच्या सुमारास द्वितीया. पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी! सकाळी नवऱ्याला ओवाळायचं आणि दुपारी भावाला, अशी बायकांची धावपळ झाली.

२०२४ मध्ये वेगळाच घोळ झाला. अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी चारच्या सुमारास लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली. दोन्ही संध्याकाळी थोडी थोडी अमावास्या. देशात बऱ्याच ठिकाणी ३१ तारखेला पूजा झाली, आपल्याकडच्या कॅलेंडरांत १ तारीख होती. दोन्हीकडे आधार होता. तेव्हा सुनेच्या माहेरी एका दिवशी आणि सासरी दुसऱ्या दिवशी पूजा झाली, तर कुणाचंच चुकलं असं समजू नका.

आणखी एक गोष्ट. ज्यांच्या दारात गाय आहे त्यांची दिवाळी एक दिवस आधी, वसुबारसेलाच लागते. संध्याकाळी गाय-वासराची पूजा करायची. पुष्कळ घरी त्या दिवशी दूध-तूप खात नाहीत, ते वासराचं म्हणून. तो दिवस धरला तर सहा दिवस होतात. आपण पाच मोजतो ते धनत्रयोदशीपासून.

भाग दुसरा : दक्षिणेकडे तोंड केलेला दिवा

धनत्रयोदशी म्हटलं की आता सोन्याच्या दुकानांच्या जाहिराती आठवतात. आपल्या आज्यांची धनत्रयोदशी धने आणि गुळाची होती. वैद्य धन्वंतरीची पूजा करतात, कारण समुद्रमंथनातून धन्वंतरी याच तिथीला आला असं मानतात. पण या दिवसाचा खरा विधी आम्हांला वाटतो तो यमदीपदानाचा.

एरवी घरात दक्षिणेकडे तोंड करून दिवा लावत नाहीत. वर्षातून या संध्याकाळी मात्र घराबाहेर कणकेचा दिवा लावून त्याची वात दक्षिणेकडे करतात, कारण ती यमाची दिशा. यामागची गोष्ट एका नव्या नवरीची आहे. हेमराजाच्या मुलाला लग्नानंतर चौथ्या दिवशी साप चावून मरण येणार, असं भविष्य होतं. त्या रात्री त्याच्या बायकोने दारात सोन्या-चांदीचे दागिने रचले, भोवती दिवे लावले आणि नवऱ्याला झोप लागू नये म्हणून रात्रभर गोष्टी सांगितल्या, गाणी म्हटली. सापाच्या रूपाने आलेल्या यमाचे डोळे त्या लखलखाटाने दिपले आणि तो परत गेला. नीट ऐका, त्या मुलीने सोनं विकत घेतलं नव्हतं. अंगावरचं होतं ते काढून दारात ठेवलं होतं. हप्त्यावर सोनं घेऊन मुहूर्त साधणाऱ्या आपल्या मैत्रिणींना आम्ही ही गोष्ट मुद्दाम सांगतो.

कणकेचा दिवा करताना पीठ पोळीपेक्षा खूप घट्ट मळा, त्यात चिमूटभर हळद घाला. सैल पिठाचा दिवा तेल सोडतो आणि बसतो. खळगा अंगठ्याने करून कडा बोटाने गुळगुळीत करा, कारण तेल झिरपतं ते भेगेतूनच. दोन चमचे तेलात तो तासभर तरी सहज जळतो. वाऱ्याची बाजू असेल तर दोन विटांचा आडोसा करा.

भाग तिसरा : पहाटेचं स्नान

नरकचतुर्दशीला आपण चंद्र मावळायच्या नव्हे, चंद्र उगवायच्या वेळेला उठतो. अमावास्येच्या आदल्या पहाटे पूर्वेला चंद्राची बारीकशी कोर येते आणि पाठोपाठ सूर्य उगवतो. त्या दोघांच्या मधल्या वेळात अभ्यंगस्नान करायचं. आधी तिळाचं तेल अंगाला जिरवायचं, मग उटणं, मग कढत पाणी. थंडी लागायच्या तोंडावर कातडी फुटायला लागते, त्यावर हे तेल उपयोगी पडतं. उटणं मात्र नवं असेल तर आधी मनगटावर लावून बघा. लहान बाळाला बाजारचं वासाचं उटणं लावूच नका, मसुराचं बारीक पीठ दुधात कालवून लावलं तरी पुरे. कोकणात अंघोळीनंतर तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात आणि त्याचा कडू रस जिभेला लावतात. कारीट म्हणजे नरकासुर. गोव्यात तर रात्रभर नरकासुराचे मोठमोठे पुतळे मिरवून पहाटे जाळतात.

नरकासुराला कृष्णाने मारलं एवढंच आपण मुलांना सांगतो. काही कथांमध्ये तर सत्यभामाच त्याला मारते. पुढचा भाग मात्र सांगायचा राहतो. नरकासुराच्या कैदेत सोळा हजारांवर स्त्रिया होत्या. सुटका झाली, पण पुढे काय? परक्याच्या घरी कोंडून ठेवलेल्या बाईला घर परत घेत नाही, हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांना मान मिळावा यासाठी कृष्णाने त्यांच्याशी लग्न केलं, असा अर्थ पुष्कळ कीर्तनकार सांगतात. सोळा हजार बायका म्हणून आपण हसतो, तो खरं तर परत येण्याच्या वाटेचा प्रश्न होता. सासरहून मार खाऊन माहेरी आलेल्या बाईला दारातच 'लोक काय म्हणतील' ऐकावं लागतं, तेव्हा तो आजही तसाच असतो.

भाग चौथा : केरसुणी, वही आणि बळीराजा

लक्ष्मीपूजनाच्या पाटावर फोटो, नाणी, लाह्या-बत्तासे असतात आणि नवी केरसुणीही असते. आपण तिला लक्ष्मीच म्हणतो, हळद-कुंकू वाहतो. शिंदीच्या पानांची ही केरसुणी बहुतेक गावांत मातंग समाजातली माणसं, त्यातही बायका, बांधतात. पानं वाळवायची, चिरायची, मुठीत घट्ट आवळून बांधायची, हाताला चरे पडतात. पूजेसाठी घेताना तरी तिच्या किमतीत घासाघीस करू नये, असं आमचं मत आहे. व्यापारी त्या संध्याकाळी चोपड्या पुजतात. आपल्या गटाची वही काही वेगळी नाही. मात्र पाटावर ठेवण्याआधी बाकी जुळवा आणि प्रत्येकीचं पासबुक वहीशी ताडून पाहा. फरक निघाला तर आधी तो सोडवा, हळद-कुंकू नंतर.

पाडव्याचं खरं नाव बलिप्रतिपदा. वामनाने पाताळात घातलेला बळी हा दानशूर राजा या दिवशी आपली प्रजा बघायला येतो. शेतकरी त्याला आपला राजा मानतात. म्हणूनच इडापिडा टळो आणि बळीचं राज्य येवो, असं म्हणून आपण ओवाळतो. अंगणात शेणाच्या गवळणी मांडायच्या, गोठ्यात दिवे लावायचे आणि मग बायकोने नवऱ्याला ओवाळायचं. साडेतीन मुहूर्तांतला अर्धा मुहूर्त हाच.

या दिवशी विधवा मैत्रिणी घराच्या आत राहतात. बळीराजाच्या पूजेला सवाष्णच हवी, असं त्या गोष्टीत कुठेही नाही. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. आपल्या गावात ठराव होईल तेव्हा होईल. गवळणी मांडायला आणि गोठ्यात दिवा लावायला तिला हाताला धरून बाहेर आणणं कुणाच्या ठरावावर अडत नाही.

भाग पाचवा : यम बहिणीकडे जेवला

धनत्रयोदशीला ज्या यमाला दिवा दाखवून दारातून परत पाठवलं, तोच यम भाऊबीजेला पाहुणा म्हणून येतो. यमी, म्हणजे यमुना, त्याला वारंवार बोलावत होती आणि कामामुळे त्याला जमत नव्हतं. शेवटी कार्तिक शुद्ध द्वितीयेला तो गेला, तिच्या हातचं जेवला आणि तिला वर दिला. म्हणून या दिवसाला यमद्वितीया म्हणतात. नीट बघितलं तर इथे भाऊ बहिणीच्या घरी येतो. आपल्याकडे बहुतेक बहीणच माहेरी जाते.

आणि माहेरी गेलेल्या बहिणीपुढे याच दिवसांत कधी कधी कागद येतो. "तलाठ्याकडे द्यायचाय, सही कर" एवढंच सांगतात. तो हक्कसोड असू शकतो. २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. २००५ मध्ये वडील हयात नव्हते म्हणून तो जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. हिस्सा घ्यायचा की भावाला सोडायचा, हे ज्या त्या बहिणीने ठरवावं. पण हक्कसोडपत्र एकदा नोंदलं की ते फिरवणं फार अवघड असतं. म्हणून कागद कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या, गट क्रमांक आणि क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून पाहा, आणि "सणानंतर सांगते" म्हणून कागद परत ठेवा. चांगला भाऊ आठ दिवस थांबतो.

ज्यांना भाऊ नाही त्या चंद्राला ओवाळतात. पहाटे पूर्वेला दिसलेली ती कोर अमावास्येला नाहीशी होते आणि बीजेला संध्याकाळी पश्चिमेला दिसते. सूर्य मावळल्यावर तास-सव्वातासात तीही मावळते, म्हणून निरांजन आधीच तयार ठेवा. स्वयंपाक उरकून सात-साडेसातला अंगणात आलात तर कोर बहुधा गेलेली असेल. पश्चिमेला डोंगर किंवा झाडी असेल तर गच्चीवर जा, आणि द्वितीया दुपारीच लागलेली असेल तर कोर इतकी बारीक असते की कधी कधी डोळे ताणूनही दिसत नाही. अशा वेळी आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका त्या दिशेलाच ओवाळतात.