७४ मतांचं काम मागे, ६१ मतांचं मंजूर! वॉर्डाच्या बजेट शीटमध्ये असं का होतं?

रहिवाशांनी मतदान करून वॉर्डातली कामं ठरवायची, ही पद्धत ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेत १९८९ मध्ये सुरू झाली. पुणे महापालिकेने २००६ मध्ये नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घ्यायला सुरुवात केली, पण तिथे भर अर्जावर आहे. मतदान झालं, की निकाल एका शीटमध्ये उतरतो आणि खरी गडबड तिथेच होते.

समजा, निधी १५ लाखांचा आहे. फुटपाथला १४२ मतं (खर्च ५ लाख), पावसाळी गटाराला ११८ (४.५ लाख), उद्यानातल्या दिव्यांना ९७ (४ लाख), ओपन जिमला ७४ (२.५ लाख) आणि बाकड्यांना ६१ (१ लाख). पहिल्या तीन कामांत १३.५ लाख संपले. जिम घेतली तर १६ लाख होतात, म्हणजे ती बसत नाही. बाकडी मात्र बसतात.

कमी मतांचं काम पुढे गेलं, हा अन्याय आहे का? नियम मतदानाआधी जाहीर केला असेल तर नाही. निकालानंतर ठरवला असेल, तर भांडण होणारच.

शीटमध्ये अनेकजण खर्चाची साधी चढती बेरीज करतात. त्यात जिमपाशी आकडा १६ होतो आणि खालची बाकडीही आपोआप बाद होतात. बेरीज फक्त मंजूर रकमेची हवी. A मध्ये काम, B मध्ये मतं, C मध्ये खर्च (लाखांत) आणि पहिली ओळ शीर्षकांची असेल, तर D2 मध्ये हे लिहून खाली ओढायचं:

```
=IF(SUM(D$1:D1)+C2<=15,C2,0)
```

जिमसमोर ० येईल, बाकड्यांसमोर १.

आता पुढचा धोका. महिन्याभराने कनिष्ठ अभियंता जागा पाहतो आणि गटाराचा खर्च ५.५ लाख निघतो. कुणी तो आकडा थेट C मध्ये टाकला, की फॉर्म्युला पुन्हा चालतो. पहिली तीन कामं १४.५ लाखांवर जातात आणि बाकड्यांसमोर गुपचूप ० येतो. सभेने मंजूर केलेलं काम कुणी न ठरवताच रद्द! म्हणून सभेच्या दिवशीचे C आणि D हे रकाने कुलूपबंद ठेवायचे. सुधारित खर्च E मध्ये लिहायचा, आणि जास्तीचे पैसे कुठून आणायचे हा निर्णय पुन्हा माणसांनी घ्यायचा.

आपल्या वॉर्डाची शीट हाती आली, तर ती सभेच्या सही केलेल्या इतिवृत्ताशी ताडून पाहा. नामंजूर कामाची ओळ कारणासह शिल्लक हवी. ओळच नसेल, तर ते काम नेमकं कुठे गळलं हे शोधायला जागाच उरत नाही. शिवाय गटार एका लेखाशीर्षाखाली जातं आणि दिवे विद्युत विभागाकडे. त्यामुळे सभेतला कामाचा क्रमांक शेवटपर्यंत तोच आहे ना, हे आधी बघा.