गाळ हिशेबात कमी का भरतो?

लेखांक ७

राजमाचीच्या डोंगरातून उतरणारी उल्हास कोंडाणे, कर्जत, नेरळ करीत बदलापूरकडे जाते. पावसाळ्यात तिच्यातून किती गाळ वाहून गेला, हे काढायचे म्हटले की अडचण येते ती नमुन्यांची. पाण्याची पातळी तासातासाला नोंदता येते आणि तिच्यावरून विसर्गही काढता येतो. गाळाचा नमुना मात्र माणसाने नदीवर जाऊन बाटलीत भरावा लागतो, प्रयोगशाळेत गाळून, वाळवून तोलावा लागतो. त्यामुळे हंगामात नमुने मोजकेच मिळतात. उरलेल्या तासांचा गाळ विसर्गावरून अंदाजाने काढतात.

मागच्या लेखांकात पाहिल्याप्रमाणे विसर्ग आणि गाळाचे प्रमाण या दोन्हींचा लॉग घेतला की विखुरलेले ठिपके बऱ्यापैकी सरळ रेषेभोवती जमतात. ती रेषा बसवायची, प्रत्येक तासाचा विसर्ग तिच्यात घालायचा, आलेल्या उत्तराचा प्रतिलॉग घ्यायचा, त्याला विसर्गाने गुणायचे आणि सगळे तास मिळवायचे. पद्धत सुटसुटीत दिसते, पण अशी बेरीज जवळजवळ नेहमीच खऱ्यापेक्षा कमी येते. नद्यांच्या बाबतीत हे ठळकपणे मांडले ते रॉबर्ट फर्ग्युसन यांनी, १९८६ साली ‘वॉटर रिसोर्सेस रिसर्च’मध्ये. ही तूट ५० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, असे त्यांनी दाखवले.

ही तूट येते कुठून, ते छोट्या उदाहरणात पाहता येईल. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी धरलेले आहेत. कर्जतजवळ उल्हासचा विसर्ग सेकंदाला १०० घनमीटर असताना पाच वेगवेगळ्या दिवशी नमुने घेतले. गाळ निघाला लिटरमागे ५०, १००, २००, ४०० आणि ८०० मिलिग्रॅम. या पाच आकड्यांच्या लॉगची सरासरी काढून प्रतिलॉग घेतला, तर उत्तर येते २००. साध्या आकड्यांची सरासरी मात्र ३१० आहे.

लॉगमध्ये २०० पासून ८०० जितके वर, तितकेच ५० खाली असते, म्हणून दोघांचे वजन सारखे पडते. प्रत्यक्षात ८०० च्या दिवशी २०० पेक्षा ६०० मिलिग्रॅम जास्त गाळ गेला आणि ५० च्या दिवशी फक्त १५० कमी गेला. प्रतिलॉग घेतल्यावर ही विषमता परत येत नाही. लॉगच्या रेषेवरून मिळतो तो साधारणपणे मध्यक, म्हणजे अर्धे नमुने वर आणि अर्धे खाली ठेवणारा आकडा. ‘या विसर्गाला नमुना साधारण कसा असेल?’ एवढाच प्रश्न असेल तर तो चांगले उत्तर आहे. पण दिवसांची बेरीज करायची असेल, तर मध्य, म्हणजे साधी सरासरी लागते. लिटरमागे २०० मिलिग्रॅम धरले तर त्या विसर्गाला दिवसाला १,७२८ टन गाळ होतो. ३१० धरले तर सुमारे २,६७८ टन. एका दिवसात साडेनऊशे टनांचा फरक!

यावरचा जुना उपाय असा, की लॉगमधले अवशेष, म्हणजे रेषेपासून ठिपक्यांचे अंतर, प्रसामान्य वितरणाचे आहेत असे मानायचे, त्यांचे प्रचरण σ² काढायचे आणि प्रत्येक अंदाजाला `exp(σ²/2)` ने गुणायचे. वरच्या पाच नमुन्यांत तो गुणक १.८२ येतो. अवशेष खरोखर घंटेच्या आकाराचे असतील तरच हे सूत्र बरोबर ठरते. नदीचे अवशेष मात्र अनेकदा एका बाजूला लांब शेपूट काढून बसलेले असतात.

नैहुआ दुआन यांनी १९८३ साली ‘जर्नल ऑफ द अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशन’मध्ये हे गृहीतक टाळणारी युक्ती मांडली. त्यांच्यासमोरचा प्रश्न नदीचा नव्हता, घरोघरीच्या वैद्यकीय खर्चाचा होता. पण आकड्यांची ठेवण तीच, थोड्यांचा खर्च प्रचंड आणि बाकीच्यांचा बेताचा. युक्ती अशी : अवशेषांच्या आकाराबद्दल काही मानायचेच नाही. प्रत्येक अवशेषाचा प्रतिलॉग घ्यायचा, त्यांची साधी सरासरी काढायची आणि तो गुणक प्रत्येक अंदाजाला लावायचा. या रीतीला स्मिअरिंग म्हणतात. आपल्या उदाहरणात अवशेषांचे प्रतिलॉग ०.२५, ०.५, १, २ आणि ४ आहेत. त्यांची सरासरी १.५५, आणि २०० गुणिले १.५५ म्हणजे बरोबर ३१०. ‘आर’मध्ये हे तीन ओळींत होते :

```
fit <- lm(log(C) ~ log(Q), data = d)
smear <- mean(exp(resid(fit)))
pred <- smear * exp(predict(fit, newdata))
```

लॉग १० च्या पायाचा घेतला असेल तर `exp` ऐवजी `10^` हवे. इथे गल्लत झाली तर गुणक निमूटपणे चुकतो. एक्सेलमधली पॉवर ट्रेंडलाइनही आतून लॉग घेऊनच रेषा बसवते आणि कोणताही गुणक लावत नाही. तिथले समीकरण उचलून बेरीज करणाऱ्याच्या हिशेबातही ही तूट येतेच.

स्मिअरिंग फक्त हाती आलेल्या नमुन्यांवर विश्वास ठेवते, आणि नमुने थोडे असतील तर हेच अडचणीचे ठरते. वरच्या यादीत ८०० च्या जागी ३,२०० चा एकच नमुना आला, तर गुणक १.५५ वरून जवळपास ३ वर उडी मारतो. उलट मोठ्या पुरात कोणी बाटली भरलीच नसेल, तर त्या पुराचा गाळ गुणकात येणार नाही.

दुसरी अट जास्त महत्त्वाची आहे. सगळ्या विसर्गांना एकच गुणक लावायचा, तर रेषेभोवतीचा पसारा सगळीकडे सारखा हवा. या भागातल्या नद्यांत तो तसा असण्याची शक्यता कमी. जूनच्या पहिल्या सरींत सुटी माती वाहते, पुढे भातखाचरांत चिखलणी सुरू होते, आणि सप्टेंबरपर्यंत उतारांवर गवत माजलेले असते. तेवढ्याच विसर्गाला गाळ वेगवेगळा येतो. त्यात आणखी वीजकेंद्रांची भर आहे. खोपोलीच्या टाटा वीजकेंद्रातून १९१५ पासून घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी पाताळगंगेत उतरते. भिवपुरीचे केंद्र १९२२ चे, त्याचे पाणी पेज नदीत आणि पुढे उल्हासमध्ये जाते. तलावात गाळ खाली बसलेला असल्याने हे पाणी बरेच नितळ असते. वीजकेंद्रातून आलेला विसर्ग आणि पावसाने आलेला विसर्ग एकाच रेषेत घातले, तर एकच गुणक उन्हाळ्यात जास्त पडतो आणि पावसाळ्यात अपुरा.

हे ओळखायला फारसे काही लागत नाही. नमुने विसर्गाप्रमाणे लहान, मध्यम, मोठे असे तीन गटांत वाटायचे आणि प्रत्येक गटाचा गुणक वेगळा काढायचा. तिन्ही जवळपास सारखे निघाले तर एकच गुणक चालेल. मोठ्या विसर्गाचा गुणक इतरांच्या दुप्पट निघाला, तर एका गुणकाने काम भागणार नाही. हंगामानुसार किंवा पाण्याच्या उगमानुसार रेषाच वेगळ्या बसवाव्या लागतील. दुसरी तपासणी बेरजेची : नमुन्यांच्या दिवशी मोजलेला एकूण गाळ आणि गुणक लावून काढलेला एकूण गाळ शेजारी ठेवायचे. त्यांत मोठे अंतर दिसले, तर दोष गुणकाच्या पलीकडे, रेषेच्या आकारातच असण्याची शक्यता जास्त.

नमुन्यात गाळ शून्य निघाला तर लॉगच घेता येत नाही. अशा वेळी आकड्यांचा लॉग न घेता सरासरीचा लॉग विसर्गाशी जोडणारी प्वासाँ पद्धतीची प्रारूपे कशी वापरतात, आणि त्यांत स्मिअरिंगची गरज का उरत नाही, ते पुढच्या लेखांकात.