गाळ्याचं भाडं कमी, म्हणजे गाळा स्वस्त?

मूर्तिजापूरच्या एका रेडिमेड कपड्यांच्या दुकानदारापुढे दोन गाळे आहेत, असं समजा. अमरावतीत राजकमल चौकाजवळचा गाळा महिना १५,००० भाडं, १ लाख अनामत, ३६ महिन्यांचा करार, दरवर्षी ५ टक्के वाढ. अकोल्यात टिळक रोडवरचा १३,५०० भाडं, ३ लाख अनामत, ११ महिन्यांचा करार.

गैरसमज : अकोल्याचा गाळा दीड हजारांनी स्वस्त.
अनामत परत मिळते खरी, पण तोवर तो पैसा मालात फिरत नाही. ती रक्कम १२ टक्के व्याजानं उचलली, तर ३ लाखांचं व्याज महिन्याला ३,००० होतं आणि १ लाखाचं १,०००. म्हणजे अकोला १६,५०० ला पडतं आणि अमरावती पहिल्या वर्षी १६,००० ला. अमरावतीचं भाडं पुढं वाढेल. पण अकोल्यात अकरा महिन्यांनंतर भाडं किती, हे कागदावर कुठंच नाही.

त्यात फर्निचर, लाइट, बोर्ड मिळून १,८०,००० लागणार. हा खर्च ३६ महिन्यांवर वाटला तर महिन्याला ५,००० पडतो, ११ महिन्यांवर वाटला तर सोळा हजारांच्या वर.

गैरसमज : ११ महिन्यांचा करार स्टॅम्प पेपरवर नोटरी केला की झालं.
वऱ्हाडात हे सर्रास चालतं, आणि इथंच दुकानदार फसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणीची जबाबदारी जागामालकाची. ती टाळल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत.

आणि खर्च? लिव्ह अँड लायसन्सचं मुद्रांक शुल्क म्हणजे एकूण भाडं आणि अनामतीवरचं वर्षाला १० टक्के व्याज, यांच्या बेरजेच्या ०.२५ टक्के. अमरावतीच्या करारात ही बेरीज ५,९७,४५० होते, शुल्क साधारण १,५००. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. अडीच हजारांत तीन वर्षांचा पक्का कागद!

गैरसमज : ३६ महिने लिहिलं, म्हणजे ३६ महिने हलवणार नाहीत.
शेवटच्या पानावरचं नोटीसचं कलम वाचा. 'कोणताही पक्ष एक महिन्याची नोटीस देऊन करार संपवू शकेल' असं असेल, तर मुदतीला काही अर्थ उरत नाही आणि फर्निचरचा हिशेबही कोसळतो. मालकाला नोटीस देता येऊ नये, आपल्याला मात्र दोन महिन्यांच्या नोटिशीनं निघता यावं, असं कलम मागा. किल्ली दिल्यावर किती दिवसांत अनामत परत, कपात कशाची, हेही त्यातच लिहून घ्या.

हे बदल मालकानं मान्य केले तर अमरावतीचा गाळा घ्यावा. नाही केले, तर टोकन देऊ नका.