‘सात दिवसांत’ म्हणजे कोणत्या दिवसापासून?

कंपनीच्या समूह आरोग्य विम्याचे नूतनीकरण झाले, की पहिल्या तीन-चार महिन्यांत एक बैठक ठरलेली असते. टेबलाच्या एका बाजूला कंपनीचा मनुष्यबळ विभाग आणि त्यांचा विमा ब्रोकर, दुसऱ्या बाजूला विमा कंपनीचे अधिकारी व तिने नेमलेला त्रयस्थ प्रशासक, म्हणजेच टीपीए. तक्रारी मांडल्या जातात, चहा होतो आणि शेवटी विमा कंपनीकडून आश्वासन मिळते : ‘‘प्रतिपूर्तीचे दावे सात दिवसांत देऊ.’’ सर्वांचे समाधान होते. महिन्याभराने मात्र असे आढळते, की सात दिवस हा शब्द प्रत्येकाने आपापल्या घड्याळाने ऐकला होता.

बैठकीनंतर ब्रोकरने पाठवावयाच्या ई-मेलचे खरे काम येथे सुरू होते. आभाराची दोन वाक्ये आणि ‘चर्चा फलदायी झाली’ एवढेच त्यात असेल, तर तो न पाठविलेलाच बरा.

उदाहरणादाखल चाकण, इंदूर व होसूर येथे कारखाने असलेली एक कंपनी घेऊ. तिच्या एका कर्मचाऱ्याच्या पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया विमा कंपनीच्या यादीबाहेरील रुग्णालयात झाली. ३ मे रोजी घरी सोडले. कागदपत्रे जमवून कर्मचाऱ्याने ती १० मे रोजी मनुष्यबळ विभागाकडे दिली; टीपीएकडे ती १५ मे रोजी पोहोचली. २१ मे रोजी टीपीएने रुग्णालयातील उपचारांच्या नोंदी मागितल्या. त्या २७ मे रोजी दिल्या. २ जून रोजी दुसरे पत्र आले : बसविलेल्या कृत्रिम सांध्याचे बिल व त्यावरील स्टिकर पाठवा. तेही ८ जून रोजी गेले. १२ जूनला दावा मंजूर झाला आणि १६ जूनला रक्कम खात्यात जमा झाली.

कर्मचारी म्हणतो, ४४ दिवस लागले. टीपीएच्या मासिक अहवालात याच दाव्यापुढे ‘४ दिवस’ अशी नोंद असते. कारण तेथे मोजणी शेवटचा आवश्यक कागद मिळाल्यापासून मंजुरीपर्यंत होते. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. मुदतीची सुरुवात आणि शेवट लिहून ठेवलेले नसल्याने दोन्ही आकडे एकाच वेळी खरे ठरतात.

म्हणून जाणकार ब्रोकर ई-मेलमध्ये दिवसांच्या आकड्यापेक्षा घड्याळ केव्हा सुरू होते, केव्हा थांबते आणि कोण थांबवू शकतो, यांवर अधिक शब्द खर्च करतो. असा ई-मेल प्रायः इंग्रजीत असतो. त्यातील मुख्य मजकूर मराठीत साधारण असा होईल :

‘‘आजच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे, प्रतिपूर्तीच्या दाव्याची मोजणी टीपीएच्या पोचपावतीच्या तारखेपासून होईल. दावा अपूर्ण असल्यास सर्व त्रुटी ३ दिवसांच्या आत एकाच पत्राने कळविल्या जातील. त्यानंतर नव्या कागदाची मागणी केवळ मिळालेल्या उत्तरातून नवा प्रश्न उद्भवला तरच, आणि विमा कंपनीच्या दावा अधिकाऱ्याच्या संमतीने होईल. उत्तर मिळाल्यापासून ७ दिवसांत निर्णय व रक्कम अदा होईल. सर्व दिवस कॅलेंडरप्रमाणे धरावेत. अहवालात पोचपावती, पहिले पत्र, शेवटचे उत्तर, मंजुरी व यूटीआर क्रमांकाची तारीख हे पाच स्तंभ असतील.’’

‘एकाच पत्राने’ या दोन शब्दांचे मोल वरील दाव्यावर ताडून पाहता येते. १५ मे रोजी आलेल्या कागदांवर १८ मेपर्यंत दोन्ही त्रुटी एकदम कळविल्या असत्या आणि कर्मचाऱ्याने पूर्वीइतकेच ६ दिवस घेतले असते, तर उत्तर २४ मे रोजी पोहोचले असते. मंजुरीला ४ व रक्कम जमा व्हायला ४ दिवस, तेही पूर्वीइतकेच धरले, तर १ जून रोजी पैसे मिळाले असते. पंधरा दिवस वाचले असते. त्यांपैकी तीन पहिले पत्र लवकर निघाल्यामुळे आणि बारा दुसरी फेरी टळल्यामुळे. मंजुरीचा वेग वाढविण्याची गरजच पडली नसती.

रक्कम ‘अदा झाली’ याचाही अर्थ स्पष्ट हवा. बँकेतील वाचकांना हे निराळे सांगायला नको. १ एप्रिल २०२० पासून झालेल्या सरकारी बँकांच्या विलीनीकरणानंतर अनेक शाखांचे आयएफएससी बदलले. कर्मचाऱ्याने जुन्या चेकबुकातील रद्द धनादेश जोडला असेल, तर रक्कम परत जाते. अहवालात मात्र दावा निकाली निघालेला दिसतो. यूटीआर क्रमांकासोबत ‘परत आलेली रक्कम प्रलंबित समजावी’ एवढी एक ओळ असली, की हे लपत नाही.

कॅशलेस दाव्यांबाबत वाटाघाटीला फारसा वाव उरलेला नाही. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २९ मे २०२४ च्या परिपत्रकाने मर्यादा घालून दिल्या आहेत : कॅशलेस विनंतीवर एका तासात निर्णय, आणि रुग्णालयाकडून डिस्चार्जची विनंती आल्यावर तीन तासांत अंतिम मंजुरी. त्यापुढील विलंबामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली, तर ती विमा कंपनीने आपल्या भागधारकांच्या निधीतून सोसावयाची आहे. ई-मेलमध्ये याहून ढिली मुदत लिहिण्यात अर्थ नाही. तेथे लिहावयाचे ते निराळेच. तासाभरात आलेले प्रश्नपत्र म्हणजे निर्णय नव्हे, ही नोंद हवी. नाहीतर ‘आम्ही वेळेत प्रतिसाद दिला’ हे वाक्य हमखास ऐकू येते.

दुसरी नोंद खुद्द ग्राहक कंपनीविषयी असते, आणि ती लिहिण्याचा संकोच ब्रोकरला नेहमीच वाटतो. वैयक्तिक विमा रक्कम संपल्यावर वापरण्यासाठी अनेक समूह पॉलिसींत ‘कॉर्पोरेट बफर’ नावाची सामायिक रक्कम राखलेली असते. ती खुली करण्यास बहुधा मनुष्यबळ विभागाची संमती लागते. होसूरमधील रुग्णाचे अंतिम बिल रात्री आठ वाजता आले आणि संमती देणारा अधिकारी दुसऱ्या दिवशी दहाला कार्यालयात आला, तर विलंब विमा कंपनीच्या माथी मारता येत नाही. यास्तव बफरला तासाभरात संमती कोण देईल आणि सुट्टीच्या दिवशी त्याच्या जागी कोण, ही दोन नावे त्याच ई-मेलमध्ये असावीत.

या ई-मेलला मर्यादाही आहेत. त्याने पॉलिसीच्या अटी बदलत नाहीत; वगळलेला आजार सात दिवसांतच काय, सात महिन्यांतही देय होत नाही. ब्रोकर ग्राहकाचा प्रतिनिधी असतो, त्यामुळे त्याने लिहिले म्हणून विमा कंपनी बांधली जात नाही. ‘दोन दिवसांत उत्तर न आल्यास मान्य समजू’ ही प्रचलित ओळ दिसायला कणखर, परंतु वादाच्या प्रसंगी लंगडी ठरते. त्यापेक्षा विमा कंपनीच्या दावा विभागप्रमुखाकडून ‘मान्य’ एवढे एका ओळीचे उत्तर मागून घ्यावे आणि तो मजकूर पुढे सेवा-कराराला जोडावा. ई-मेल त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी जावा. आठवड्याने गेलेल्या ई-मेलला ‘असे ठरले नव्हते’ हे उत्तर सहज येते, आणि ते देणाऱ्याला प्रामाणिकपणे तसेच आठवत असते.

बैठकीत चर्चिलेल्या जुन्या दाव्यांचा उल्लेख करताना दाव्याचा क्रमांक पुरेसा असतो. रुग्णाचे व आजाराचे नाव तेथे नको. हा ई-मेल पंधरा-वीस जणांकडे जातो आणि त्यांत रुग्णाचे वरिष्ठही असू शकतात.

पुढील महिन्याचा अहवाल आला, की प्रथम सरासरी पाहू नये. सात दिवसांच्या सरासरीत दोन दिवसांत निघालेले वीस दावे आणि साठ दिवस अडलेले दोन दावे सुखाने एकत्र नांदतात. ज्या दाव्यांवर एकाहून अधिक प्रश्नपत्रे गेली, ते आधी वेगळे काढावेत आणि पुढच्या बैठकीत त्यांचेच क्रमांक टेबलावर ठेवावेत.